आधी फुगावं, मग आंबावं: खापरच्या हवेत इडलीचं पीठ

खापरमध्ये मे महिन्यात इडलीच्या पिठाबद्दल एकच तक्रार ऐकू येते: आंबट झालं, पण फुगलं नाही. डिसेंबरात तक्रार बदलते: सकाळ झाली तरी पीठ जागचं हललं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या या गावात उन्हाळ्यातली दुपार चाळिशी सहज ओलांडते आणि थंडीत पहाटे गोधडी सोडवत नाही. पीठ तेच, प्रमाण तेच, हात तोच. बदलते ती हवा. दक्षिणेतल्या रेसिपीत ‘रात्रभर ठेवा’ असं लिहिलेलं असतं. खापरच्या मे महिन्यातली रात्र आणि जानेवारीतली रात्र या पिठाच्या दृष्टीने दोन वेगळ्या रात्री आहेत.

फुगणं आणि आंबणं ही एकच गोष्ट नाही, हे आधी पक्कं करून घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या शेती संशोधन केंद्रात मुखर्जी, पेडरसन, स्टाइनक्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इडलीच्या पिठातले जंतू मोजले आणि 1965 मध्ये ते छापलं. पीठ फुगवण्याचं काम मुख्यतः एका जिवाणूचं आहे, असं त्यांना आढळलं. त्याचं नाव ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडीस. तो साखर खाऊन तिचे तीन वाटे करतो: थोडं लॅक्टिक आम्ल, थोडा कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडा अल्कोहोल. त्याच्या सोबतीला दुसरे जिवाणू असतात. ते साखरेचं जवळजवळ सगळं आम्लच करतात, वायू सोडत नाहीत. पीठ फार वेळ ठेवलं की पहिला मागे पडतो आणि आम्लात टिकणारा तिसरा गडी, पेडिओकॉकस, पुढे येतो. तोही आम्लच करतो. म्हणजे चव बहुतेक सगळे मिळून देतात, फुगवटा मात्र थोड्यांच्याच हातात असतो. पुढची प्रत्येक सूचना या एका गोष्टीवर उभी आहे: वायू सोडणाऱ्याला त्याच्या सोयीची हवा आणि वेळ द्या, आणि आम्लवाल्यांच्या ताब्यात पीठ जाण्याआधी इडली वाफवा.

करा: उडीद आणि तांदूळ वेगळे भिजवा, वेगळे वाटा

तीन वाट्या तांदूळ, एक वाटी सालं काढलेली उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी. तांदूळ उकडा असेल तर उत्तम, नसेल तर रेशनचा जाड तांदूळही चालतो. मेथी डाळीबरोबर भिजवा. थंडीत पाच-सहा तास भिजू द्या, मेमध्ये तीन-चार तास पुरतात.

वेगळं वाटायचं कारण असं की दोघांची कामं वेगळी आहेत. तांदूळ म्हणजे इडलीचं अंग, तो बारीक रव्यासारखा राहिलेला बरा. उडदाचं काम वायू अडवण्याचं. नुसतं तांदळाचं पीठही आंबतं. आपल्याकडचं ज्वारीचं आंबीलही आंबतं, पण फुगून वर येत नाही, कारण तयार झालेला वायू बुडबुड्याबुडबुड्याने निघून जातो. उडदात एक प्रकारची प्रथिनं आणि एक चिकट, बुळबुळीत पदार्थ असतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत सुशीलम्मा आणि राव यांनी या दोन्हींवर बरंच काम केलं. प्रथिनं बुडबुड्याभोवती पडदा धरतात आणि चिकट पदार्थ तो पडदा फाटू देत नाही. मेथीचा बुळबुळीतपणा यातच भर घालतो.

उडीद पुरेसा वाटला गेला का, हे ओळखायची सोपी खूण आहे. वाटीभर पाण्यात वाटलेल्या डाळीचा बोराएवढा गोळा सोडा. तो तरंगला तर वाटतानाच त्यात हवा भरली गेली आहे आणि पडदा तयार आहे. तळाशी गेला तर दोन चमचे पाणी घालून आणखी फिरवा. डाळ जुनी, दोन पावसाळे पाहिलेली असेल तर कितीही वाटली तरी गोळा धड तरंगत नाही. अशा वेळी पिठाला दोष देण्यापेक्षा डाळ बदला, नाहीतर उडदाचं प्रमाण थोडं वाढवा.

टाळा: मिक्सरची ऊब

दगडी रगड्यात किंवा वेट ग्राइंडरमध्ये पीठ फारसं तापत नाही. मिक्सरमध्ये तापतं. भांड्याला बाहेरून हात लावला की कळतं. मेमध्ये टाकीतलं पाणीच कोमट येतं, त्यात मिक्सरची उष्णता मिळाली की वाटलेलं पीठ हाताला चांगलंच गरम लागतं. वायू सोडणाऱ्या जिवाणूला वीस ते तीस अंशांची हवा आवडते. त्याहून गरम पिठात त्याची सुरुवातच अडखळते, आम्लवाल्यांचं मात्र फावतं.

म्हणून उन्हाळ्यात माठातलं किंवा फ्रीजमधलं पाणी वापरा. डाळ दोन-तीन वेळा थोडी थोडी करून वाटा आणि मध्ये मिक्सर थांबवा. लाइट जायच्या धास्तीने एकदमच सगळं भरून फिरवण्याची घाई होते, पण त्यात पीठही तापतं आणि मोटरही.

करा: डाळीचं शेवटचं पाणी वाटायला घ्या

बाहेरून विरजण न घालता पीठ आंबतं कसं, हा प्रश्न बऱ्याच जणींना पडतो. ‘हाताने कालवल्यामुळे आंबतं’ असं सगळीकडे सांगतात. हाताने कालवण्यात चूक काही नाही, त्याने दोन्ही पिठं नीट एकजीव होतात. पण पिठात लागणारे जिवाणू मुळात डाळ-तांदळावरच असतात. भिजत असतानाच ते वाढू लागतात आणि वाटल्यावरही वाढत राहतात. 1965 च्या त्याच प्रयोगांत तीस अंशांना ठेवलेल्या पिठात अकरा ते तेरा तासांत ग्रॅमला शंभर कोटींहून अधिक जिवाणू मोजले गेले. एवढी फौज हातावरून येत नसते.

तेव्हा डाळ आधी दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवा. मग ज्या पाण्यात ती भिजली ते फेकू नका, वाटायला तेच घ्या. त्या पाण्याला वास किंवा तार येऊ लागली असेल तर मात्र ते टाका. मेमध्ये डाळ सहा-सात तास तशीच राहिली की असं होतं.

नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येत असेल, म्हणजे टाकीत नुकतीच टीसीएल पावडर पडली असेल, तर ते पाणी उघड्या पातेल्यात काही तास ठेवून मग डाळ भिजवायला घ्या. क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, आणि हे जिवाणूही जंतूच.

टाळा: उन्हाळ्यात पीठ ‘उबेला’ ठेवणं

खापरपुरतं बोलायचं तर सगळ्यात जास्त पीठ याच एका सवयीने बिघडतं. पीठ आंबायला ऊब लागते असं ऐकलेलं असतं. मग ते गॅसच्या शेगडीजवळ ठेवलं जातं, पत्र्याच्या खोलीत ठेवलं जातं, नाहीतर चादरीत गुंडाळून. जानेवारीत यातलं काही काही बरोबर आहे, मेमध्ये यातलं सगळं चूक आहे.

मेमधली एक रात्र बघा. दुपारी चारला डाळ भिजवली, रात्री आठला मिक्सरवर वाटली. पीठ तेव्हाच पस्तीस अंशांच्या आसपास आहे. पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात दिवसभर तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात. अशा पिठात वायूवाला थोडा वेळ काम करतो, पण आम्लवाले त्याच्याहून वेगाने वाढतात. गरम पीठ पातळही होतं, म्हणून जो वायू तयार होतो तोही निसटतो. रात्री दोन-अडीचला पीठ जेवढं वर यायचं तेवढं आलेलं असतं, तेव्हा घर झोपेत असतं. सकाळी साडेसहाला झाकण काढलं की पातेल्याच्या काठाला वरपर्यंत पीठ चढून गेल्याची कडा दिसते, मध्ये खड्डा असतो आणि वास नाकात झोंबतो. पीठ फुगलं नाही असं आपण म्हणतो. ते फुगलं होतं, नंतर बसलं. काठाची कडा ते सांगत असते.

याच पिठाची दुसरी वाट अशी. डाळ रात्री उशिरा, झोपण्याआधी भिजवा, पहाटे पाचच्या सुमारास थंड पाण्याने वाटा. उन्हाळ्यातली तीच सगळ्यात गार वेळ. पीठ जमिनीवर, ओल्या फडक्याच्या गुंडाळीत, वाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवा. खेडोपाडी माठाशेजारची जागा यासाठी नेहमीच बरी. पीठ साधारण सहा-सात तासांत तयार होतं. इडली सकाळी नाही, दुपारी बाराला होते. सकाळचीच हवी असेल तर रात्री दहा-साडेदहाला थंड पाण्याने वाटा, पातेलं थाळीतल्या थंड पाण्यात उभं करा आणि पाच-साडेपाचला उठल्या उठल्या आधी झाकण उघडा. भिजवणंही त्याप्रमाणे संध्याकाळी सहाच्या पुढे ढकला.

करा: थंडीत वेळ वाढवा, उष्णता बेताने

जानेवारीत खापरला रात्रीचा पारा दहा-बाराच्या घरात उतरतो. वर डाब-मोलगीच्या पठारावर तर दव गोठल्याच्या बातम्या दर काही हिवाळ्यांनी येतात. अशा थंडीत पीठ बारा तासांत हलत नाही, आणि हलावं अशी अपेक्षाही नको. संध्याकाळी पाचला वाटलेलं पीठ दुसऱ्या दिवशी नऊ-दहाला तयार होईल असा हिशोब धरा.

थंडीच्या पिठाबद्दल एक चांगली गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. गारव्यात सगळेच जिवाणू मंदावतात, पण वायूवाला इतरांपेक्षा कमी मंदावतो. वीस अंशांच्या आसपास सावकाश फुगलेलं पीठ म्हणून जास्त हलकं आणि कमी आंबट लागतं. चुलीच्या राखेवर किंवा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ते घाईने आंबवलं की हा फायदा हातचा जातो.

वाटताना कोमट पाणी वापरा, बोट सहज बुडवता येईल इतपतच. वाटून झाल्यावर पातेलं गोधडीत गुंडाळून धान्याच्या कोठीत किंवा बंद कपाटात ठेवा. नुकती भाकरी झालेल्या चुलीपासून हातभर लांबची जागाही चालते. थेट निखाऱ्यावर किंवा तापल्या तव्यावर ठेवलं तर तळाचं पीठ शिजतं. तिथले जिवाणू मरतात आणि वरचं पीठ तसंच गार राहतं. फारच थंडी असेल तर वाटलेल्या पिठात एक चमचा साखर घाला. ती गोडीसाठी नसते, जिवाणूंना सुरुवातीचं खाणं मिळावं म्हणून असते.

करा: भांडं अर्धं रिकामं ठेवा

यामागे सोपं गणित आहे. ल्युकोनोस्टॉक एक ग्रॅम साखर खाऊन साधारण 140 मिलिलीटर वायू सोडतो. लिटरभर पीठ दुप्पट व्हायला लिटरभर वायू पिठात अडकून राहायला हवा. म्हणजे किमान सात-आठ ग्रॅम साखर खर्च होते, जेमतेम दीड चमचा. ही साखर डाळ-तांदळातच असते आणि तांदळाच्या थोड्या स्टार्चचं विघटन होऊनही मिळते. एवढ्याशा साखरेतून एवढा वायू निघतो, म्हणूनच भरलेलं पातेलं पहाटे ओट्यावर वाहतं.

जिनिव्हाच्या प्रयोगांत तीस अंशांना बारा ते पंधरा तासांत पीठ 47 टक्के वाढलं होतं. घरात उडदाचं प्रमाण आणि वाटण चांगलं असेल तर ते दुपटीपर्यंत जातं. तेव्हा पीठ दीडपट झालं तरी बिघडलं असं समजू नका, आंबटपणा मात्र बघा. झाकण घट्ट लावू नका. या जिवाणूंना हवेची गरज नसते, पण वायूला बाहेर पडायला फट लागते.

टाळा: दही आणि जुनं आंबट पीठ

थंडीत पीठ लवकर यावं म्हणून दोन चमचे दही घालण्याची रीत आहे. दह्यातले बहुतेक जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करण्यात तरबेज असतात, वायू सोडण्यात नाही. दही घातलं की पीठ लवकर आंबट होतं आणि आपण समजतो की काम झालं. पण इडली दडस निघते. सीमेपलीकडे गुजरातेत डाळ-तांदळाच्या ढोकळ्यात आंबट दही घालतात, आणि तिथे ते शोभतं, कारण त्या पदार्थाला आंबट चवच हवी असते.

जुन्या पिठाचं विरजण जास्त फसवं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहिलेलं, चांगलंच आंबट झालेलं पीठ नव्यात घातलं तर त्याबरोबर आम्लात टिकलेले जिवाणू येतात, वायूवाले कमी. विरजण लावायचंच असेल तर पीठ फुगून वर आलं त्याच वेळी, बसण्याआधी, त्यातली वाटीभर फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांतच वापरा. ते वायूवाल्याच्या भरभराटीच्या वेळचं पीठ असतं. सलग इडली-डोशाचा व्यवसाय करणाऱ्यांनी हे विशेष पाहावं. रोज कालच्या उरलेल्या, बसलेल्या पिठाने नवं पीठ लावत राहिलं की आठवड्याभरात इडल्या चपट्या होऊ लागतात.

टाळा: गरज नसताना यीस्टची पुडी

यीस्ट म्हणजे किण्व. मोहाची फुलं भिजवून ठेवली की त्यात जे खदखदतं ते हेच, आणि सातपुड्यातल्या घराघराला ते ठाऊक आहे. इडलीच्या पिठातही नैसर्गिक किण्व थोडं असतं. ते फुगण्याला हातभार लावतं आणि वासात भर घालतं, पण जिवाणूंशिवाय ते एकटं इडली उभी करत नाही. गोव्यातल्या सान्नांची गोष्ट वेगळी. त्या पूर्वीपासून माडाच्या सुरेने फुगवल्या जातात, आणि सुरेत किण्व भरपूर असतं. आता सूर सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून बऱ्याच घरांत त्याऐवजी बाजारची यीस्ट वापरतात. सान्नांची हलकी गोडसर चव आणि पावासारखा वास त्यामुळेच.

इडलीच्या पिठात यीस्टची पुडी घातली तर एवढ्याच साखरेतून दुप्पट वायू निघतो, कारण किण्व लॅक्टिक आम्ल जवळजवळ करत नाही. पीठ तासा-दोन तासांत वर येतं. पण आम्ल तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून चव कच्ची राहते. सणाला पन्नास पाहुणे येऊन ठेपले आणि पीठ हललंच नाही, तर चिमूटभर यीस्ट घालायला हरकत नाही. नेहमीची रीत म्हणून नको.

करा: मिठाची वेळ ऋतूप्रमाणे ठरवा

मीठ थोडंफार सगळ्यांनाच धीमं करतं. लिटरभर पिठाला दोन लहान चमचे म्हणजे साधारण एक टक्का. एवढ्याने पीठ मरत नाही. मेमध्ये मीठ वाटल्याबरोबर घाला, तेवढीच आंबण्याची घाई कमी होते. जानेवारीत फुगल्यावर, इडली लावताना घाला.

करा: काचेच्या बरणीत नमुना ठेवा

स्टीलच्या पातेल्यात आत काय चाललंय ते दिसत नाही. वाटल्याबरोबर त्याच पिठाचा पेलाभर भाग लोणच्याच्या स्वच्छ काचेच्या बरणीत घाला, पिठाच्या वरच्या कडेला बाहेरून रबर लावा आणि बरणी पातेल्याशेजारी ठेवा. झाकण न उघडता, काही न ढवळता पिठाची चाल दिसत राहते.

बरणीत तीन टप्पे ओळखता येतात. पहिल्या काही तासांत काचेला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटतात, पीठ रबराच्या जागीच असतं. मग बुडबुडे मोठे होतात, एकमेकांत मिसळतात आणि पीठ चढू लागतं, वरचा भाग किंचित फुगीर दिसतो. तिसऱ्या टप्प्यात फुगीर भाग सपाट होतो आणि मध्ये खळगा पडू लागतो. इडली लावायची वेळ दुसऱ्याच्या शेवटी आणि तिसऱ्याच्या आधी. या वेळी चमच्याच्या टोकावर पीठ घेऊन चाखा. ताज्या ताकाइतकं आंबट असेल तर बरोबर. चिंचेसारखे दात आंबत असतील तर उशीर झाला. शाळेच्या प्रयोगशाळेतली पीएच-पट्टी मिळाली तर वाटल्यावेळचं साडेसहाच्या आसपासचं माप साडेचारपर्यंत उतरलेलं दिसेल. त्याच्या बरंच खाली गेलं की आंबटपणा जिभेलाच कळतो, पट्टीची गरज राहत नाही.

टाळा: फुगलेलं पीठ घोटणं

पीठ वर आलं की ते डावाने गरगरा फिरवायची सवय अनेकांना असते. रात्रभर जमलेला वायू त्या एका घोटण्यात निघून जातो. मीठ घालायचं असेल तर डाव कडेने खाली नेऊन पीठ दोन-तीनदा अलगद वर उलटा. इडलीपात्राच्या साच्यांत घालताना पळीने वरचं पीठ उचला. तळाचं पातळ, जड पीठ डोशाला ठेवा, त्याला ते चांगलं लागतं.

पाणी उकळल्यावरच साचा आत ठेवा. वाफेत बुडबुड्यांतला वायू आणखी पसरतो आणि त्याच मिनिटांत उडदाची प्रथिनं व तांदळाचा स्टार्च घट्ट होऊन बुडबुडे जागच्या जागी पकडतात. पाणी गार असताना साचा ठेवला तर पीठ आधी सैल होतं, वायू सुटतो आणि मग शिजतं. दहा-बारा मिनिटं पुरतात. याच वाफेत जिवाणू मरतात. त्यामुळे इडली खाल्ल्याने पोटात ‘चांगले जिवाणू’ जातात असं मानू नका. तो मान ताकाचा. इडलीत उरतं ते त्या जिवाणूंनी आधीच करून ठेवलेलं काम: आम्ल, चव आणि थोडं सुलभ झालेलं पचन.

टाळा: न फुगलेल्या पिठात मूठभर सोडा

सोडा पिठातल्या आम्लाशी मिळून वायू सोडतो. एक ग्रॅम सोड्यातून जवळपास 300 मिलिलीटर. मेमधल्या आंबट, बसलेल्या पिठाला म्हणूनच पाव चमचा सोडा खरोखर उठवतो, आंबटपणाही थोडा कमी करतो. पण त्यासाठी पिठात आम्ल असायला हवं. जानेवारीत गारठून न हललेल्या, गोड पिठात सोडा घातला तर त्याला जोडीदार मिळत नाही. इडली पिवळसर होते, साबणासारखी लागते आणि डाळीतलं ब-1 जीवनसत्त्वही सोड्यामुळे नष्ट होतं. अशा पिठाला सोडा नको, आणखी चार तास हवेत.

सोडा घातला की पीठ लगेच वाफेवर चढलं पाहिजे. पंधरा मिनिटं ठेवलं तर वायू निघून जातो आणि खारटपणा उरतो.

करा: भगरीची इडली लावताना उडीद तसाच ठेवा

मोलगी भागात भगर पिकते आणि खापरच्या बाजारातही मिळते. तांदळाऐवजी तेवढीच भगर घेतली तर इडली चांगली होते. भगर तास-दीड तासात भिजते आणि लवकर बारीक होते, म्हणून ती फार फिरवू नका. पीठ तांदळाच्या पिठाहून थोडं घट्ट ठेवा. उपवासाची म्हणून उडीद काढून टाकलात तर ते पीठ आंबेल, पण वायू धरून ठेवणारं त्यात काही उरत नाही. तिथे मग दही आणि सोड्याचीच इडली करावी लागते.

टाळा: फ्रीजवर भरवसा ठेवून पीठ आठवडाभर ठेवणं

फ्रीजमध्ये पीठ थांबत नाही, सावकाश चालतं. फुगलेलं पीठ दुसऱ्या दिवशी इडलीला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोसा-उत्तप्याला, त्यानंतर फोडणी देऊन आप्प्यांना. लाइट तासन्‌तास जात असेल तर हे दिवस निम्मे धरा. फ्रीजमधून काढलेलं गार पीठ थेट साच्यात घालू नका, अर्धा तास बाहेर ठेवा.

वर राखाडी पाण्याचा थर आला असेल तर तो ओतून टाका, खालचं पीठ आंबट असलं तरी खाण्याजोगं असतं. पण गुलाबी किंवा नारिंगी डाग, काळी-हिरवी केसाळ बुरशी, किंवा ताकाऐवजी सडल्याचा वास आला तर वरचा थर काढून खालचं वापरू नका. सगळं पीठ टाका आणि बरणी, पातेलं उकळत्या पाण्याने धुवा.